टक्कल नेमके किती केसांना सुरू होते? सोरायटिस विरोधाभासावर लिहिताना या चुका टाळा

डोक्यावर एकही केस नसलेला माणूस टकला असतो. टकल्या माणसाच्या डोक्यावर एक केस अधिक उगवला, तर तेवढ्याने त्याचे टक्कल नाहीसे होत नाही. ही दोन विधाने मान्य केली की शून्य केसांवरून एकावर, एकावरून दोनावर असे चढत चढत आपण या निष्कर्षाला येऊन पोहोचतो, की डोक्यावर लाखभर केस असलेला भरघोस केसांचा माणूससुद्धा टकलाच आहे. ॲरिस्टॉटलचा समकालीन असलेला मायलिटसचा युब्युलिडीस हा इ.स.पू. चौथ्या शतकातील विचारवंत या कोड्याचा जनक मानला जातो. धान्याच्या ढिगाविषयीचे त्याचे रूप अधिक प्रसिद्ध असल्यामुळे या संपूर्ण कुळाला सोरायटिस किंवा राशीचा विरोधाभास असे म्हणतात.

ठाण्यात नौपाड्यात शनिवारी भरणाऱ्या आमच्या तर्कशास्त्राच्या अभ्यासवर्गात या विषयावर निबंध लिहून घेण्याची पद्धत आहे. लिहिणारे बदलतात, परंतु चुका बहुतेक त्याच राहतात, आणि त्या निष्काळजीपणातून येत नाहीत. कोडे सोपे दिसते, उत्तर चटकन सुचते, आणि सुचलेले उत्तर कोड्याच्या एकाच भागाला लागू पडते, हे लक्षात येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी तीन प्रश्न वेगवेगळे लिहून घ्यायला सांगते. युक्तिवादातील कोणते विधान तुम्ही नाकारता, आणि नाकारल्यावर त्या नकारातून जे निघते ते तुम्हाला पेलते का? टकला म्हणावे की नाही हे ठरत नाही अशा, सीमेवरच्या माणसाविषयी ‘तो टकला आहे’ असे म्हटले, तर ते विधान खरे, खोटे, की आणखी काही? आणि नाकारलेले विधान चुकीचे असेल, तर ते आपल्या सर्वांना इतके उघड उघड खरे का वाटले? याच्याशी मिळतीजुळती फोड तत्त्वज्ञ डेलिया ग्राफ यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात फार नेटकेपणाने केली आहे. पुढे दिलेली प्रत्येक चूक या तिघांपैकी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी खपवण्यातून होते.

व्याख्या करून टाकली की कोडे सुटले, असे मानणे

हा सर्वांत लवकर सुचणारा उपाय आहे. ‘दहा हजारांपेक्षा कमी केस म्हणजे टक्कल’ असे ठरवून टाकावे, म्हणजे वाद मिटला, असे म्हटले जाते. कायदा असे करतो आणि त्याला ते करावेच लागते. मतदानाचे वय 18 वर्षे हे असेच ठरवलेले आहे, आणि पूर्वी ते 21 होते. मात्र कायद्याने मतदाराची रेषा आखली म्हणून ‘तरुण’ या शब्दाला रेषा मिळाली, असे होत नाही. आपण जो शब्द रोज वापरतो, त्याच्याविषयीचा प्रश्न नव्या, घडवलेल्या शब्दाने सुटत नाही. तो फक्त बाजूला ठेवला जातो.

टकलाचे तर वैद्यकीय वर्गीकरणही उपलब्ध आहे. पुरुषांमधील केस गळण्याच्या स्वरूपाचे हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये केलेले वर्गीकरण नॉरवुड यांनी 1975 मध्ये सुधारले. त्यात सात मुख्य प्रकार आहेत आणि तिसऱ्या प्रकारापासून पुढे त्याला टक्कल म्हणावे, असे मानले आहे. निबंधात याचा आधार घेणाऱ्याने एक गोष्ट तपासून पाहावी. दुसरा आणि तिसरा प्रकार यांतील फरक चित्रांवरून आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस किती मागे हटले यावरून ठरतो. या दोन चित्रांच्या मध्ये एकेक केसाचे अंतर ठेवून माणसे उभी केली, तर तेच कोडे ‘तिसऱ्या प्रकारातला’ या शब्दांसाठी पुन्हा उभे राहते.

याच वर्गीकरणावरून आणखी एक पळवाट काढली जाते. टक्कल केवळ केसांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या मांडणीवर, जाडीवर आणि लांबीवरही अवलंबून असते. म्हणून ‘एका केसाने फरक पडत नाही’ हे विधानच चुकीच्या मापावर बेतलेले आहे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, पण त्याने कोडे जागचे हलत नाही. एकच माणूस घ्या, त्याच्या केसांची मांडणी, जाडी आणि लांबी पक्की ठेवा, आणि कोणत्या क्रमाने केस काढायचे तो क्रमही आधीच ठरवा. आता उरते ती एकच सरळ माळ, आणि त्या माळेवर कोडे पूर्ववत उभे असते.

प्रत्येक अनिश्चिततेला धूसरता समजणे

या लेखात मी ‘धूसरता’ हा शब्द एकाच अर्थाने वापरत आहे: ज्या शब्दाला सीमेवरची उदाहरणे असतात आणि ज्याच्या बाबतीत अगदी लहान फरकाने काही बदलू नये असे वाटते, तो शब्द धूसर. शब्दाला दोन अर्थ असणे ही वेगळी गोष्ट. शब्दाचे माप प्रसंगानुसार बदलणे ही आणखी वेगळी गोष्ट. निबंधांत ही दुसरी गोष्ट धूसरतेच्या जागी सर्रास येते.

घरांच्या जाहिरातींतील ‘स्थानकाजवळ’ हा शब्द घेऊ. तलावपाळीवरचे घर ठाणे स्थानकाजवळ आहे, यावर कुणी वाद घालणार नाही. घोडबंदर रस्त्यावरचे कासारवडवली स्थानकाजवळ आहे, असे कुणी म्हणणार नाही. पायी जाणाऱ्याचे ‘जवळ’ वेगळे आणि रिक्षाने जाणाऱ्याचे वेगळे, हे खरे आहे, आणि इथेच विद्यार्थी थांबतो: ‘जवळ’ सापेक्ष आहे, म्हणून कोडे नाही. त्याने पुढची पायरी करून पाहायला हवी. पायी जाणारी, धडधाकट, सामान नसलेली एकच व्यक्ती आणि एकच संध्याकाळ पक्की करा. आता स्थानकापासून एकेक पाऊल पुढे जात ‘एका पावलाने जवळचे दूर होत नाही’ असे म्हणत चला. सापेक्षता पूर्णपणे गोठवली आहे, आणि तरीही तलावपाळीवरून निघालेला युक्तिवाद कासारवडवलीला पोहोचतो. जे उरले ती धूसरता.

भाषावैज्ञानिकांनी या प्रश्नात घातलेली भर इथे उपयोगी पडते, आणि मराठी व्याकरण तर ती फार स्वच्छ दाखवते. मराठीत तुलनेसाठी विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘तो उंच आहे’ आणि ‘तो भावापेक्षा उंच आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘उंच’ तेच राहते. त्यामुळे ‘पेक्षा’ची वाक्येही धूसर असणार, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चूक आहे. दोन भावांच्या उंचीत अर्धा सेंटीमीटर फरक असेल, तर ‘थोरला धाकट्यापेक्षा उंच आहे’ हे वाक्य निःसंशय खरे आहे. त्याच परिस्थितीत ‘धाकट्याच्या मानाने थोरला उंच आहे’ हे वाक्य कानाला खटकते, कारण ‘च्या मानाने’ म्हणताना आपण धाकट्याची उंची केवळ माप म्हणून समोर ठेवतो आणि थोरल्याला साधेपणाने ‘उंच’ म्हणतो. तेवढ्या फरकाला ते विशेषण पेलत नाही. क्रिस्टोफर केनेडी यांनी याच स्वरूपाचा भेद इंग्रजीत दाखवला आहे. त्याचे तात्पर्य असे, की धूसरता ‘उंची’ या मोजमापात नसून नुसत्या ‘उंच’ या विधानात असते. मोजपट्टीवरच्या प्रत्येक दोन बिंदूंची तुलना करता येते, आणि तरीही पट्टीवर ‘इथून पुढे उंच’ अशी खूण सापडत नाही.

केनेडी यांनी 2007 च्या लेखात सापेक्ष आणि निरपेक्ष अशा विशेषणांचाही भेद मांडला. ‘उंच’च्या पट्टीला वरचे टोक नाही, म्हणून ‘पूर्ण उंच’ असे आपण म्हणत नाही. ‘कोरडा’, ‘रिकामा’, ‘सरळ’ यांच्या पट्टीला टोक आहे, म्हणून ‘पूर्ण कोरडा’ चालते. या कसोटीवर ‘टकला’ दुसऱ्या बाजूला पडतो: ‘पूर्ण टकला’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्याचा अर्थ एकही केस नसलेला. मग टकलाची सीमा शून्य केसांवर पक्की आहे आणि कोडे मुळातच नाही, असे का म्हणू नये? हा युक्तिवाद हुशारीचा आहे आणि गंभीरपणे तपासण्यासारखा आहे. तपासण्याची रीत अशी. सभागृहात दोन माणसे बसलेली असताना कुणी ‘सभागृह रिकामे आहे’ म्हटले आणि आपण त्या दोघांकडे बोट दाखवले, तर बोलणारा म्हणतो, ‘बरोबर, अगदी रिकामे नाही’. तो माघार घेतो, कारण तो ढोबळ बोलत होता. डोक्यावर वीस केस असलेल्या माणसाला टकला म्हटले आणि आपण ते वीस केस दाखवले, तर कुणीही माघार घेत नाही. ‘असतील वीस, पण तो टकलाच’ असे उत्तर येते. म्हणजे पट्टीला टोक असले तरी शब्द त्या टोकाला बांधलेला नाही. ढोबळपणा आणि धूसरता यांच्यातील हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि ‘टकला’ हे उदाहरण दोन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिले, ते या तपासणीतून पार पडते म्हणूनच.

विधान नाकारले, पण नकाराचे ओझे उचलले नाही

ही मध्यवर्ती चूक आहे आणि तिच्यासाठी मी अधिक जागा घेणार आहे. निबंधात सहसा असे वाक्य येते: ‘एका केसाने फरक पडत नाही हे विधान खोटे आहे, म्हणून निष्कर्ष निघत नाही.’ इथे लेखणी थांबते. परंतु ‘कोणत्याही संख्येसाठी, तेवढे केस असलेला टकला असेल तर एक केस अधिक असलेलाही टकला असतो’ हे सार्वत्रिक विधान खोटे ठरवले, की रूढ तर्कशास्त्रानुसार त्याचा नकार मान्य करावा लागतो: अशी एक संख्या आहे, जिच्याइतके केस असलेला टकला आहे आणि एक केस अधिक असलेला टकला नाही. म्हणजे एका केसाची धारदार रेषा. ज्याने पहिले विधान सहज फेकून दिले, त्याला ही रेषा गिळायची आहे का, हा खरा प्रश्न आहे. बर्ट्रांड रसेल यांनी 1923 च्या लेखात नेमके हेच टकल्या माणसाचे उदाहरण घेऊन असा एखादा निर्णायक केस असणे हास्यास्पद ठरवले होते.

पाच माणसांचे लहान उदाहरण घेऊन हे नीट पाहता येईल. क, ख, ग, घ आणि च हे एका ओळीत उभे आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आधीच्यापेक्षा थोडे अधिक केस आहेत. क निःसंशय टकला आहे, च निःसंशय नाही, आणि मधले तिघे सीमेवरचे आहेत. युक्तिवादात चार दुवे आहेत: क टकला असेल तर ख टकला, ख असेल तर ग, ग असेल तर घ, घ असेल तर च.

टिमोथी विल्यमसन यांनी 1994 च्या ग्रंथात ज्याचा पुरस्कार केला, तो एपिस्टेमिसिझम म्हणतो, की चारपैकी नेमका एक दुवा खोटा आहे, रेषा खरोखर आहे, आणि ती कुठे आहे हे आपल्याला कळू शकत नाही. ‘मॅडम, मग ती रेषा दाखवा ना,’ असे वर्गात हमखास विचारले जाते आणि निबंधातही हेच खंडन म्हणून येते. हे खंडन नाही. रेषा दाखवता येणार नाही, हे त्या सिद्धांताचेच प्रतिपादन आहे, आणि त्यामागे कारणही दिलेले आहे. शब्दाची रेषा बोलणाऱ्या सगळ्यांच्या एकूण वापरावरून ठरते. तो वापर किंचित वेगळा असता तर रेषाही किंचित सरकली असती. आणि तो फरक आपल्याला टिपता येत नाही. त्यामुळे रेषेच्या अगदी जवळच्या माणसाविषयी आपले मत बरोबर आले, तरी ते जेमतेम बरोबर आलेले असते आणि त्याला ज्ञान म्हणता येत नाही. खरे खंडन करायचे असेल, तर दुसरीकडे घाव घालावा: लोकांच्या विस्कळीत, आपसांत न जुळणाऱ्या वापरातून एका केसाइतकी नेमकी रेषा निपजते कशी? विल्यमसन यांचे उत्तर असे, की अर्थ वापरावर अवलंबून असतो हे मान्य केले, तरी तो कसा अवलंबून असतो याचे सूत्र हाती असायलाच हवे असे नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, परंतु मला ते पुरेसे वाटत नाही.

दुसरी वाट सुपरव्हॅल्युएशनची. तिचे तंत्र बास व्हॅन फ्रासेन यांनी 1966 मध्ये वेगळ्या प्रश्नासाठी, म्हणजे कशाचाही निर्देश न करणाऱ्या नावांसाठी, वापरले होते. किट फाइन यांनी 1975 मध्ये ते धूसरतेला लावले. कल्पना अशी: रेषा आखण्याच्या सगळ्या रास्त रीती समोर ठेवा; जे विधान प्रत्येक रीतीत खरे ठरते ते खरे, प्रत्येकीत खोटे ठरते ते खोटे, आणि उरलेले ना खरे ना खोटे. आपल्या पाच माणसांत रेषा चार ठिकाणी आखता येते: क आणि ख यांच्या मध्ये, ख–ग मध्ये, ग–घ मध्ये किंवा घ–च मध्ये. ‘ग टकला आहे’ हे दोन रीतींत खरे आणि दोन रीतींत खोटे ठरते, म्हणून ते ना खरे ना खोटे. प्रत्येक दुवा एका रीतीत तुटतो आणि तिघींत टिकतो, म्हणून एकही दुवा सुटा घेतला तर खोटा नाही. मात्र ‘चारही दुवे एकत्र खरे आहेत’ हे विधान प्रत्येक रीतीत खोटे पडते, कारण प्रत्येक रीतीत कुठला तरी एक दुवा तुटतोच. अशा रीतीने युक्तिवाद अडवला जातो, आणि कोणत्याही एका केसाकडे बोट दाखवावे लागत नाही.

इथे निबंध पुन्हा घसरतात. ‘सुपरव्हॅल्युएशनमध्ये रेषा नाही’ असे लिहिले जाते. वस्तुतः ‘ओळीत कुठेतरी असे दोन शेजारी आहेत की पहिला टकला आहे आणि दुसरा नाही’ हे विधान प्रत्येक रीतीत खरे ठरते, म्हणून या सिद्धांतात ते खरे आहे. जे खरे ठरत नाही, ते कोणत्याही विशिष्ट जोडीविषयीचे विधान. तसेच ‘ग टकला आहे किंवा ग टकला नाही’ हे खरे आहे, पण त्यातील एकही बाजू खरी नाही. ‘अशी जोडी आहे’ हे खरे आणि ‘ही ती जोडी’ हे कोणत्याच जोडीबाबत खरे नाही, हे अनेकांना पचत नाही, आणि या सिद्धांतावरचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे. आक्षेप मान्य करायचा की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. मात्र आक्षेप कुठे लागू होतो, हे चुकवू नये. निबंध तपासताना मी एवढेच पाहते, की ‘अशी जोडी आहे’ असे म्हटले आहे, की ‘कुठेतरी असलेली ती जोडी निश्चित आहे’ असे.

अंश वाटून दिले की काम झाले, असे समजणे

लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये फझी संच मांडले आणि जोसेफ गोगेन यांनी 1969 मध्ये त्याच विचाराने अशा शब्दांचे तर्कशास्त्र रचले. विधान पूर्ण खरे किंवा पूर्ण खोटे असण्याऐवजी शून्य ते एक यांमधील एखाद्या अंशाने खरे असते, ही कल्पना विद्यार्थ्यांना, विशेषतः अभियांत्रिकीकडून आलेल्यांना, तत्काळ पटते. तिचे बळही खरे आहे. आपल्या ओळीला 1, 0.75, 0.5, 0.25 आणि 0 असे अंश द्या. तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांच्या नियमानुसार, आधीच्या विधानापेक्षा पुढचे जितके कमी खरे, तितकाच ‘जर-तर’ दुव्याचा खरेपणा एकातून कमी होतो. म्हणून प्रत्येक दुवा 0.75 इतका खरा. लाख केसांच्या माळेत अंश समान वाटले, तर प्रत्येक दुवा 0.99999 इतका खरा असेल. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे विधान इतके खरे का वाटते याचे, इतके सुंदर उत्तर दुसऱ्या कोणत्याही सिद्धांताकडे नाही: दुवे जवळजवळ खरे आहेत, आणि ती लहानशी तूट प्रत्येक पायरीला साचत जाऊन शेवटी शून्यावर आणते.

चूक होते ती पुढे. या पद्धतीत ‘आणि’ने जोडलेल्या विधानाचा अंश सहसा दोहोंपैकी लहान अंशाइतका धरतात. घ च्या डोक्यावर ग पेक्षा अधिक केस आहेत. आता ‘घ टकला आहे आणि ग टकला नाही’ हे वाक्य घ्या. पहिल्या भागाचा अंश 0.25, दुसऱ्याचा 0.5, म्हणून संपूर्ण वाक्याचा अंश 0.25. परंतु ज्याचे केस अधिक तो टकला आणि ज्याचे कमी तो नाही, हे थोडेसेही खरे असू शकत नाही. ते पूर्णपणे खोटे असायला हवे. रेषा कुठेही आखा, हे वाक्य खोटेच पडते, आणि सुपरव्हॅल्युएशनमध्ये ते तसेच पडते. सीमेवरच्या विधानांमधील अशा आंतरिक संबंधांकडे फाइन यांनी लक्ष वेधले होते. अंश सुटे सुटे वाटून मग नियमाने जोडले, तर हे संबंध हरवतात. ज्याला अंशांची बाजू घ्यायची आहे त्याने हे उदाहरण स्वतः मांडून त्याला उत्तर द्यावे.

उत्तराला एक आधारही आहे. सॅम अल-खातिब आणि जेफ्री पेल्टियर यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या उंचीची माणसे दाखवून लोकांना प्रश्न विचारले. मधल्या उंचीच्या माणसाविषयी ‘तो उंच आहे आणि उंच नाहीही’ असे वाक्य बऱ्याच जणांनी मान्य केले. आपल्या बोलण्यातही ‘टक्कल आहे म्हटले तर आहे, नाही म्हटले तर नाही’ असे येतेच. सुपरव्हॅल्युएशनमध्ये असा विरोध नेहमीच खोटा, तर अंशांच्या पद्धतीत ग बाबत त्याला 0.5 इतका अंश मिळतो. म्हणून हिशेब एकतर्फी नाही. मात्र लोक जे मान्य करतात ते शब्दाच्या अर्थामुळे की बोलण्याच्या सवयीमुळे, हे त्या प्रयोगातून आपोआप ठरत नाही, एवढे भान ठेवावे.

‘संदर्भ’ हा शब्द उत्तरासारखा वापरणे

‘टकला कोण हे संदर्भावर अवलंबून आहे’ एवढे लिहून पान संपवणे ही वर सांगितलेल्या सापेक्षतेच्या चुकीची चुलत बहीण आहे. हान्स कॅम्प, डायना रॅफमन आणि डेलिया ग्राफ यांच्या संदर्भवादात याहून पुष्कळ अधिक आहे. त्यांचे म्हणणे असे, की ओळीतून चालताना आपण एकेका माणसाविषयी निर्णय देतो, आणि प्रत्येक निर्णय शब्दाचे माप थोडे सरकवतो. ज्या दोघांकडे आपण या क्षणी एकत्र पाहतो, ते आपल्याला सारखेच वाटतात, आणि त्यामुळे रेषा त्या दोघांच्या मध्ये राहत नाही. ती दुसरीकडे असते. रेषा नेहमी असते, पण आपण पाहतो तिथे कधी नसते. प्रत्येक दुवा तपासताना खरा का वाटतो, याचे हे स्पष्टीकरण आहे. ते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्याने पहिल्या प्रश्नाचे काम होत नाही: संदर्भ गोठवून, कागदावर, कुणीही ओळीतून न चालता युक्तिवाद मांडला, तर त्यात कोणते विधान खोटे, हे संदर्भवाद्यालाही सांगावेच लागते. ग्राफ ते सांगतात आणि एकेका क्षणी धारदार रेषा मान्य करतात. विद्यार्थी मात्र हा अर्धा भाग वगळतात.

तिसरा कप्पा उघडून तिथेच थांबणे

‘टकला’, ‘टकला नाही’ आणि मध्ये ‘सीमेवरचा’ असे तीन कप्पे केले की धूसरता हाताळली गेली, असे वाटते. तर्कशास्त्रज्ञ क्लीनी यांचे, खरे-खोटे यांखेरीज तिसरे मूल्य मानणारे त्रिमूल्य तर्कशास्त्र या कामी वापरता येते आणि ते वापरण्यात गैर काही नाही. परंतु मग टकल्यांचा कप्पा संपून सीमेवरच्यांचा कप्पा नेमक्या कोणत्या केसाला सुरू होतो? एका रेषेला हास्यास्पद ठरवून बाहेर पडलेला लेखक दोन रेषा घेऊन परत येतो. अंशांच्या पद्धतीतही 1 हा अंश सोडून 0.99999 नेमका कोणत्या केसाला सुरू होतो, हा प्रश्न उरतो. आणि सुपरव्हॅल्युएशनमध्ये ‘रास्त रीत’ कोणती आणि कोणती नाही, याची सीमा हवी असते. स्वतःच्या मसुद्यात ही चूक शोधायची असेल, तर ‘टकला’ या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘निःसंशय टकला’ असे लिहून पाहावे. ज्या कारणाने तुम्ही पहिल्या शब्दाची रेषा नाकारली, तेच कारण दुसऱ्या शब्दालाही लागू पडत असेल आणि तरीही तुमच्या सिद्धांताने तिथे रेषा आखली असेल, तर आक्षेप तुमच्याकडेच वळतो. क्रिसिपस या स्टोइक तत्त्वज्ञाने एकामागून एक असे प्रश्न विचारले जाऊ लागले, की सीमा येण्याआधीच गप्प व्हावे, असा सल्ला दिल्याचे सिसेरोच्या लेखनातून कळते. तो सल्ला धोरणी आहे, परंतु गप्प नेमके कितव्या प्रश्नाला व्हायचे, हे ठरवताना क्रिसिपसलाही त्याच ओळीत उभे राहावे लागते.